लांबचा पण सपाट रस्ता
"बायकोला नववा लागलाय. दवाखान्याचा जवळचा रस्ता सगळा खड्ड्यांचा आहे. कुठून नेऊ?"

लांबच्या हमरस्त्यानेच न्या. गूगल मॅप्स वेळ बघतं, गतिरोधक नाही. म्हणून सोसायट्यांच्या गल्लीत घुसवतं. हमरस्त्यावरचा एखादा चौक मधला थांबा म्हणून टाका. आधी एकदा रात्री त्या रस्त्याने जाऊन या, पट्टे पुसलेले गतिरोधक तेव्हा दिसत नाहीत, ते लक्षात ठेवावे लागतात. ब्रेक गतिरोधकाच्या अलीकडेच लावा आणि वर चढताना सोडून द्या. दाबलेला राहिला की पुढचे शॉकअप आधीच बसलेले असतात, मग दणका थेट आत येतो. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाखालून, मांड्यांवरून घ्या. रक्तस्राव असेल तर मात्र सपाट रस्ता शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा.