टाकी धुण्याची नोटीस आणि म्यूट (नेरुळ, ए-बी-सी विंग व्हॉट्सॲप ग्रुप)

परांजपे काकू, ए-७०४: नळाला पाणी नाही. अंगाला साबण लावून मोटरच्या माणसाला फोन केला, तर म्हणतो टाकी धुणं चालू आहे, ४ वाजेपर्यंत पाणी नाही. कोणी कळवायची पद्धत आहे की नाही?

देसाई, सेक्रेटरी: काकू, सकाळी ६:२० ला याच ग्रुपवर नोटीस टाकली. पाणी १० ला बंद केलं. वर बघा.

परांजपे काकू, ए-७०४: वर दिसते आहे आता. पण वाजली नाही. रात्री ११:१० ला पार्किंगवरून तुमची सगळ्यांची जुंपली होती, तेव्हा ८ तास म्यूट केला. ८ तास म्हणजे ७:१० ला म्यूट आपोआप सुटला. मग नोटीस का नाही वाजली?

कदम, बी-५०२: टाकी धुण्याची नोटीस ४८ तास आधी द्यावी.

शिंदे, सी-२०१: काकू, म्यूट ७:१० लाच सुटला, त्यात शंका नाही. पण नोटीस ६:२० ला आली, म्हणजे म्यूटमध्येच. म्यूटमधले मेसेज फोनवर येतात, आवाज मात्र होत नाही. आणि म्यूट सुटल्यावर ते मागचे मेसेज पुन्हा वाजत नाहीत. ७:१० नंतर जो नवा मेसेज येईल तोच वाजणार.

परांजपे काकू, ए-७०४: ७:१० नंतर वाजलं ना! चोवीस सुप्रभात वाजले.

गायकवाड, ए-१०३: 😂😂 सुप्रभात करणाऱ्यांनी आता तरी ऐका.

नाईक आजोबा, बी-३०१: मी रोज सर्वांच्या भल्यासाठी पाठवतो. ज्यांना नको त्यांनी ग्रुप कायमचा म्यूट करावा.

देसाई, सेक्रेटरी: आजोबा, तेच तर नको आहे. कायमचा करून बसलेले अर्धे लोक मेंटेनन्सच्या तारखा विचारायला माझ्या दारात येतात.

गायकवाड, ए-१०३: पण 'नेहमी' केलं तरी वर्षाने सुटतं ना? पूर्वी एक वर्ष होतं.

शिंदे, सी-२०१: पूर्वी होतं. २०२० मध्ये त्या जागी 'नेहमी' आलं. ८ तास आणि १ आठवडा दोन्ही आपले आपण सुटतात. 'नेहमी' मात्र तुम्ही स्वतः काढेपर्यंत तसंच राहतं.

कदम, बी-५०२: ४८ तास आधी नोटीस हवी. पाण्याचा विषय आहे.

सावंत वहिनी, सी-६०२: आठवडा म्हणजे रविवारपर्यंत का?

शिंदे, सी-२०१: नाही वहिनी, बटण दाबल्यापासून सात दिवस. बुधवारी रात्री ९ ला केलं तर पुढच्या बुधवारी रात्री ९ ला सुटतं. ८ तासांचंही तसंच. मी महापेला नाईटला असतो, सकाळी ७:३० ला झोपताना ८ तास लावतो, दुपारी ३:३० ला आपोआप सुटतं. रोज नव्याने लावावं लागतं. सुटलं का ते बघायचं तर यादीत ग्रुपच्या नावापाशी आवाज बंदची काट मारलेली खूण असते, ती गेली की सुटलं.

गायकवाड, ए-१०३: म्हणजे कोणी म्यूट केलंय ते सेक्रेटरींना दिसतं?

देसाई, सेक्रेटरी: नाही दिसत. दिसलं असतं तर बिलासोबत यादी लावली असती.

गायकवाड, ए-१०३: बिलाचं राहू द्या साहेब, आधी व्हिजिटर पार्किंगमधली तुमच्या मेव्हण्यांची गाडी काढा.

देसाई, सेक्रेटरी: तो विषय काल झाला. कृपया नको.

परांजपे काकू, ए-७०४: तुमचं चालू द्या. माझ्या डोक्यावर शांपू आहे.

सावंत वहिनी, सी-६०२: काकू, माझ्याकडे दोन बादल्या भरलेल्या आहेत, लेकाच्या हाती पाठवते.

शिंदे, सी-२०१: देसाई साहेब, एक उपाय आहे. तातडीच्या नोटिशीत @ लावून त्या माणसाचं नाव घ्या. ग्रुप म्यूट असला तरी ज्याला टॅग केलं त्याला नोटिफिकेशन जातं. त्याच्या मेसेजला रिप्लाय केला तरी जातं. फोनच सायलेंट असेल तर मात्र काही उपयोग नाही.

देसाई, सेक्रेटरी: ६८ फ्लॅट आहेत शिंदे. पहाटे उठून ६८ नावं टाकू?

कदम, बी-५०२: ४८ तास आधी दिली तर टॅगची गरजच नाही.

शिंदे, सी-२०१: कदमांचं म्हणणं बरोबर आहे. आठ तासांचा म्यूट दोन दिवसांत सुटतो. पण आधल्या रात्री पुन्हा आठवणीचा मेसेज टाका, तो नवा मेसेज असतो, म्हणून वाजतो. आठवड्याचा म्यूट किंवा 'नेहमी' असलेल्यांसाठी प्रत्येक मजल्याचा एक माणूस टॅग करा, तो शेजारच्या बेल वाजवेल.

नाईक आजोबा, बी-३०१: आमच्या मजल्याचं मी बघेन.

देसाई, सेक्रेटरी: ठीक. पुढच्या वेळी दोन दिवस आधी नोटीस, आधल्या रात्री ८ ला आठवण, आणि लिफ्टपाशी कागद. आत्ता एकदा करून बघतो. @परांजपे काकू

परांजपे काकू, ए-७०४: वाजला. बादल्याही आल्या, वहिनी. पाणी खरंच ४ ला येणार का, तेवढं लिहा.

देसाई, सेक्रेटरी: वरची टाकी झाली, खालची चालू आहे. साडेचार धरून चला.