मदत हवी आहे: तीन वेगळे रॉड, एक आडवा बार, कुठल्या रॉडवर किती भार?

केरीकर:
नमस्कार मंडळी. फोंड्याला डिप्लोमाच्या मुलांसाठी प्रयोगाचा सांगाडा करतोय. वरून तीन उभे रॉड सोडलेत आणि त्यांना आडवा बार लटकवलाय. डावा रॉड माइल्ड स्टीलचा, १२ मिमी व्यासाचा, दीड मीटर लांब. मधला पितळेचा, १६ मिमी, १ मीटर. उजवा अ‍ॅल्युमिनियमचा, २० मिमी, २ मीटर. वरचे आधार वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळे बार लेव्हलला आहे. लगतच्या रॉडमध्ये १ मीटर अंतर. डाव्या रॉडपासून १.२ मीटरवर हायड्रॉलिक जॅकने खाली ओढायचं, बाराच्या वजनासकट २४ किलोन्यूटन. बेरीज आणि मोमेंट अशी दोनच समीकरणं मिळतात, अज्ञात मात्र तीन. प्रत्येकी ८ धरू का?

कुडचडेकर:
८-८-८ नको, केरीकरबाब. उजवीकडे २ मीटरवर ८ आणि मध्ये १ मीटरवर ८, मोमेंट झाला २४. जॅकचा मोमेंट २४ × १.२ म्हणजे २८.८. जमत नाही. भार ताठपणाच्या प्रमाणात वाटला जातो. रॉड १ मिमी ताणायला लागणारं बल काढा:

```
k = A*E/L
steel 15, brass 20, aluminium 11   (kN/mm)
```

बेरीज ४६. म्हणजे डावीकडे ७.८, मध्ये १०.४, उजवीकडे ५.७. झालं.

मांडवीकाठ:
कुडचडेकर, k तुम्ही बरोबर काढलेत, वाटणी चुकली. तुमचीच कसोटी तुमच्या उत्तराला लावा: १०.४ + २ × ५.७ = २१.८. हवे २८.८. ताठपणाच्या प्रमाणातली वाटणी बार न कलंडता सरळ खाली येतो तेव्हाच खरी. त्यासाठी जॅक डावीकडून ०.९१ मीटरवर असायला हवा (४२ भागिले ४६). १.२ वर ओढलं की बार उजवीकडे कलतो आणि उजवा रॉड जास्त ताणला जातो.

तिसरं समीकरण त्या कलण्यातच आहे. बार वाकत नाही असं धरलं तर तिन्ही खालची टोकं एका रेषेत राहतात. अंतरं सारखी असल्याने मधल्याचं ताणणं हे दोन्ही बाजूंच्या ताणण्याची सरासरी.

```
F1 + F2 + F3 = 24
F2 + 2*F3 = 28.8
F2/20 = (F1/15 + F3/11)/2
```

दुसऱ्यातून F2 = 28.8 − 2·F3, मग पहिल्यातून F1 = F3 − 4.8. तिसऱ्यात घाला, एकच अज्ञात उरतं. F3 = ८.९५, F1 = ४.१५, F2 = १०.९ किलोन्यूटन. ताणणं डावीकडून ०.२८, ०.५५, ०.८१ मिमी. ०.०१ मिमीचा डायल गेज प्रत्येक रॉडशेजारी बाराखाली लावलात तर मुलांना हे तीन आकडे डोळ्यांनी दिसतील.

हणजुणेंतलो:
आमचा समुद्रासमोरचा बोर्डही तीन रॉडवर आहे, त्यातला एक सैल पडून खुळखुळतो. खारं वारं लागून अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ यांच्या जोडावर पांढरी भुकटीही येते. इथेही तेच होणार ना?

मांडवीकाठ:
भुकटी दोन धातूंच्या संपर्कामुळे, तो विषय वेगळा. मध्ये नायलॉनचं वायसर घाला. वर्कशॉपच्या आत फारसा त्रास नाही. पण सैल पडणारा रॉड इथे कामाचा मुद्दा आहे.

केरीकर, पितळी रॉडला एम१६ चे आटे असतील तर पिच २ मिमी. बार लेव्हल करताना ते नट पाव आटा जास्त फिरलं तर मधला रॉड अर्धा मिमी आखूड झाला. जॅक न लावताच त्यात ५.६ किलोन्यूटन ताण बसतो, बाजूच्या दोन्हींत प्रत्येकी २.८ दाब येतो. मग २४ लावल्यावर आकडे येतात १.३५, १६.५, ६.१५. यांची बेरीज २४ आणि मोमेंट २८.८ बरोबरच येतो! म्हणून समतोलाच्या कसोटीवर ही चूक पकडता येत नाही. डायल गेजवरही नाही, कारण जॅक लावल्यानंतरची हालचाल तीच राहते.

कुडचडेकर:
म्हणजे पाव आट्याने पितळाचा भार दीडपट? जरा जास्तच वाटतं.

मांडवीकाठ:
रॉडचं अख्खं ताणणंच अर्ध्या मिमीच्या घरात आहे, म्हणून. नट ०.७४ मिमी म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं जास्त फिरलं की २४ लावल्यावरही डावा रॉड पूर्ण सैल राहतो. हणजुणेचा बोर्ड बहुधा याच रोगाचा. तपासायला स्ट्रेन गेज रॉड जोडण्याआधी, मोकळा असतानाच शून्य करायचे. नटं आवळून झाल्यावर शून्य केलंत तर आतला ताण कायमचा लपला. पूर्ण भाराला रॉडमधली स्ट्रेन लाखात १८, ५५, ४१ यायला हवी.

पर्वरी_स्ट्रक्चर:
एक गोष्ट कोणी विचारली नाही. बार म्हणून नेमकं काय लावलंय?

केरीकर:
आयएसएमबी १५०, उभा. तो वाकेल असं वाटत नाही.

पर्वरी_स्ट्रक्चर:
डोळ्यांना नाही वाटणार. पण २ मीटर अंतरावर दोन टोकं टेकवून त्याच्या मध्यावर १ मिमी झोल आणायला साधारण ८.७ किलोन्यूटन लागतात, आणि तुमचा पितळी रॉड १ मिमी ताणायला २०. म्हणजे बार रॉडपेक्षा मऊ. मग ‘एका रेषेत’ ही अटच गेली. बाराचं वाकणं धरून हिशोब केला तर मधला रॉड जवळपास १७.५, उजवा ५.६ आणि डावा ०.९ घेतो. पुस्तकी उत्तरापेक्षा पितळावर साठ टक्के जास्त. त्याचं कारण साधं: जॅक मधल्या रॉडजवळ आहे, बार वाकला की लांबच्या डाव्या रॉडपर्यंत भार पोचतच नाही. आयएसएमबी ३०० लावला तर मधला सुमारे १२ घेईल. तेही १०.९ नाही, पण मुलांना दाखवण्याइतपत जवळ.

मांडवीकाठ:
कबूल. बार ताठ हे मी विचारायलाच हवं होतं. पण ३०० चा बीम उचलण्यापेक्षा भार कमी करा ना.

पर्वरी_स्ट्रक्चर:
भार कमी केल्याने वाटणीचं प्रमाण बदलत नाही, सगळं रेषीय आहे. रॉड बारीक केले तर मात्र बदलेल. सगळ्यांचे व्यास निम्मे केले की ताठपणा चौथाई, तिथे १५० चाही बार तुलनेने ताठ होतो. भार मग ६ किलोन्यूटनवर आणा, म्हणजे रॉडमधला ताण तोच राहील.

केरीकर:
६, ८ आणि १० मिमीचे रॉड बाजारात मिळतील, हेच सोपं. पण वरचा चॅनेलही वाकत असेल ना? तो १२५ चा आहे, दोन खांबांत सव्वादोन मीटर.

पर्वरी_स्ट्रक्चर:
वाकेल. रॉड चॅनेलला नेमके कुठे आणि कसे अडकवलेत, त्याचं मोजमाप टाका. डायल गेज जमिनीवरून लावलात तर चॅनेलचं खचणंही त्यात मोजलं जाईल, तेव्हा दरेक रॉडच्या वरच्या टोकालाही एक गेज हवा.

केरीकर:
मोजून सोमवारी टाकतो.