आपल्याच वर्गातल्या मुलांची शिकवणी: आचारसंहितेत काय लिहायचं?

मळेकर: खानापूर तालुक्यातल्या आमच्या अनुदानित मराठी हायस्कूलसाठी शिक्षकांची आचारसंहिता लिहायला घेतली आहे, मी संस्थेच्या कमिटीत आहे. गणिताचे सर घरी शिकवणी घेतात. दहावीच्या 38 पैकी 12 मुलं त्यांच्याकडे जातात. सर मनापासून शिकवतात. तरी बंद करावी का? भेटवस्तू आणि मोबाईलबद्दलही सांगा.

निपाणीचा पालक: विचारायचं काय त्यात? आरटीई कायद्याच्या कलम 28 मध्ये शिक्षकाला खासगी शिकवणीची बंदी आहे. एक ओळ लिहा आणि मोकळे व्हा.

निवृत्त हेडमास्तर: कलम बरोबर सांगितलंत, पण तो कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांच्या शिक्षणाचा. दहावीचा विषय निघाला की लगेच वाद सुरू होतो की हे कलम हायस्कूलला लागू होतं का. म्हणून संस्थेने आपला नियम स्वतंत्र लिहावा आणि त्याचं कारणही लिहावं.

कारण आहे अंतर्गत गुण. एसएसएलसीला गणिताची लेखी परीक्षा 80 गुणांची, उरलेले 20 शाळेच्या हातात. चाचणीचे पेपर निदान फाइलला राहतात, उपक्रमाचे गुण मात्र सरांच्या मनावर. समजा शिकवणीतल्या बाराही मुलांना 19-20 पडले आणि बाकीच्यांना 15-16. सरांनी अगदी प्रामाणिकपणे दिलेले असतील, पण घरी बसलेल्या आईला ते पटवून कसं देणार? त्यांना स्वतःलाही खात्री देता येणार नाही, कारण रोज संध्याकाळी समोर बसणाऱ्या मुलाची वही जास्त ओळखीची होते.

मी दरवर्षी अंतर्गत गुण आणि पूर्वपरीक्षेचे गुण शेजारी-शेजारी मांडून बघत असे. एखाद्याला अंतर्गत 20 आणि लेखीत 30 असले की त्याच्या उपक्रमाच्या वह्या मागवायच्या. असा फरक एकाच गटात वारंवार दिसला तर बोलायलाच हवं.

चंदगडची वहिनी: माझ्या पोराचंच सांगते. मराठी माध्यमातला, कन्नडात कच्चा. बेळगावातला कोणता क्लास चांगला?

निवृत्त हेडमास्तर: ताई, ते वेगळं विचारा, इथे शाळेच्या नियमाचं चाललंय. पण तुमच्या गावात कन्नड शिकवणारे शाळेतलेच एक सर असतील तर नेमका हाच पेच पडतो.

मॅनेजमेंटचा मास्तर: माझं मत एकदम उलट आहे. मी विनाअनुदानित शाळेत आहे, पगार येईल तेव्हा येईल. शिकवणी बंद केली तर माझ्या घरात चूल कशी पेटायची, ते कमिटीने सांगावं. आणि गावात दुसरा गणिताचा माणूस नसेल तर त्या 12 पोरांनी जायचं कुठं? नियम लिहिणाऱ्यांची पोरं बेळगावला क्लासला जातात की!

निवृत्त हेडमास्तर: पगाराचं दुखणं खरं आहे, पण ते पोरांच्या आईबापांच्या खिशातून भागवायचं नाही. शाळा सुटल्यावर शाळेतच तासभर जादा वर्ग ठेवा, 38 जणांना खुला, आणि त्याचं मानधन संस्थेने द्यावं. शेजारच्या शाळेशी पोरांची अदलाबदल मात्र नको. ‘तू माझी घे, मी तुझी घेतो’ असा सौदा मी पाहिला आहे, त्यात दोघांचेही हात बांधले जातात.

मॅनेजमेंटचा मास्तर: मानधन देणारी संस्था दाखवा, मी उद्यापासून शिकवणी सोडतो.

मळेकर: आमच्याकडे तेवढा फंड नाही, हे खरं. निदान उपक्रमाचे गुण दुसऱ्या शिक्षकाने तपासले तर?

निवृत्त हेडमास्तर: ते लगेच करा, त्याला पैसे लागत नाहीत. वह्यांवर नावाऐवजी क्रमांक घाला.

भेटीचं सांगतो. बापाने बागेतले किलोभर काजू आणले तर ते स्टाफरूममध्ये सगळ्यांनी खावेत. एसएसएलसीच्या निरोप समारंभाला मॉनिटरने शंभर-शंभर रुपये गोळा करून सरांना घड्याळ देणं मात्र बंद करा. वर्गाच्या ग्रुपवर ‘पैसे दिलेले’ म्हणून नावांची यादी फिरते, आणि ज्याचं नाव त्यात नाही तो पोरगा समारंभालाच येत नाही. अंतर्गत गुण वर पाठवून होईपर्यंत कुणाकडूनही काही घेऊ नये.

शाळेतली बाई: मोबाईलबद्दल मी बोलते. गुणांची यादी पालकांच्या ग्रुपवर टाकायची नाही, ज्याचे त्याला कळवायचे. मुलींना रात्री वैयक्तिक मेसेज नाही; अभ्यासाचं असेल तर ग्रुपवर. गॅदरिंगच्या नाचाचं रील स्वतःच्या खात्यावर टाकायचं नाही, पालकांची लेखी संमती नसेल तर शाळेच्या खात्यावरही नाही.

निपाणीचा पालक: आणि 1 नोव्हेंबरला सरांनी काळ्या दिनाचं स्टेटस ठेवलं तर? आपल्याकडे हा प्रश्न दरवर्षी येतो.

शाळेतली बाई: माझ्या वर्गात कन्नड घरातली मुलंही आहेत. त्यांच्या आईबापांचा नंबर माझ्याकडे शिक्षक म्हणून आहे, तेव्हा त्या नंबरवरून मी काहीच ठेवत नाही.

मॅनेजमेंटचा मास्तर: म्हणजे मास्तर झाला की मराठी माणूस संपला का? शाळेबाहेर माझं मत माझं. हे मी मानणार नाही.

मळेकर: या कलमावर रविवारच्या बैठकीत भांडण होणार. गुणांचं आणि वर्गणीचं मात्र आज लिहून टाकतो.