४.५ च्या जागी ३ व्होल्ट: रेंज चुकली की मीटर?

नवशिका७: ९ व्होल्टच्या बॅटरीला १ मेगोहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडले. मधल्या सांध्यावर ४.५ यायला हवेत, पण माझा पिवळा डीटी-८३० तिथे ३.०० दाखवतो. मित्राचा काट्याचा मीटर तर १.३ च्या आसपास. बॅटरी थेट मोजली की दोन्हींवर ९ बरोबर येतात. रेंज कुठली लावू?

सोल्डरकाका: तुझी रेंज ठीक आहे. मीटर लावला की तो स्वतःच सर्किटमधला तिसरा रेझिस्टर होतो. डीटी-८३० चा डीसी व्होल्टवरचा इनपुट रेझिस्टन्स साधारण १ मेगोहम असतो. खालच्या १ मेगोहमला तो समांतर बसला की तिथे उरतात ५०० किलोओहम. वर १ मेग, खाली अर्धा मेग, म्हणून ९ चा तिसरा हिस्सा, ३ व्होल्ट. बॅटरीचा आतला रेझिस्टन्स फार कमी, त्यामुळे तिला मीटरचा भार जाणवत नाही.

आता वरचा रेझिस्टर वेगळा मोज. तिथेही ३ येतील. ३ आणि ३ मिळून ६, बॅटरी मात्र ९ ची. बेरीज जुळत नसेल तर आधी लोडिंगचा संशय घ्यायचा.

काटेवाला: रेंजचा संबंध नाही, हे काट्याच्या मीटरला लागू नाही. मित्राच्या डायलवर २०,००० ओहम प्रति व्होल्ट लिहिलं असणार. १० च्या रेंजवर तो २०० किलोओहम होतो, म्हणून १.३. ५० वर १ मेगोहम, म्हणजे ३ व्होल्ट. २५० वर ५ मेगोहम, म्हणजे जवळपास ४.१. तेव्हा वरची रेंज लावायची, लोडिंग गेलं.

सोल्डरकाका: हिशोब बरोबर, सल्ला अर्धाच. २५० च्या स्केलवर ४ व्होल्टला काटा शून्यावरून जेमतेम हलतो. मीटर पूर्ण स्केलच्या ३ टक्क्यांचा असेल तर तिथे चूकच साडेसात व्होल्टपर्यंत जाऊ शकते. वरची रेंज तपासणीपुरती वापरायची: रेंज वाढवल्यावर व्होल्टेज वाढलेलं दिसलं, तर सर्किट मीटरच्या भाराने दबतंय.

डीटी-८३० वर रेंज बदलली तरी भार तोच राहतो. तिथे २० लाव. २००० मिलिव्होल्टवर डावीकडे नुसता १ दिसेल, २०० वर दशांशाचा एक अंक जाईल.

फेज_न्यूट्रल: माझ्याकडे उलटंच आहे. ट्यूबलाइटचं बटण बंद, तरी वायरवर डिजिटल मीटर ८० व्होल्ट दाखवतो. हेही लोडिंग का?

काटेवाला: नाही. तुमची वायर बहुधा चालू वायरच्या शेजारून गेली आहे, तिथून कपॅसिटन्सने व्होल्टेज येतं. डिजिटलचा भार इतका कमी की ते टिकून राहतं. टेस्ट लॅम्प लावला की बहुतेक वेळा नाहीसं होतं. पण नुसत्या अंदाजावर वायरला हात लावू नका, मेन स्विच बंद करा.

दहामेग: एवढी खटपट कशाला? १० मेगोहम इनपुटचा मीटर घ्यावा, विषय संपला.

सोल्डरकाका: त्यावरही इथे ४.२९ च येतील, जवळपास ५ टक्के कमी. नवशिक्या रेझिस्टरला दोष देत बसेल. आणि रेझिस्टर १०-१० मेगोहमचे घेतले की तुमचा मीटरही ३ वरच येईल.

आहे त्या मीटरने खरा आकडा काढता येतो. आधी थेट मोज: ३.००. मग लाल प्रोबच्या टोकाला १ मेगोहमचा रेझिस्टर लावून त्याच्यामार्फत मोज: १.८० येतील. दोन्हींचा गुणाकार ५.४, फरक १.२. भागाकार ४.५, म्हणजे मीटर नसतानाचं व्होल्टेज. बाहेरचा रेझिस्टर मीटरच्या इनपुटइतकाच असेल, तरच हे इतकं सोपं सुटतं. तो तेवढा आहे का, हे त्याच रेझिस्टरमधून ९ व्होल्टची बॅटरी मोजून कळतं. ४.५ दिसले तर मीटर १ मेगोहमचा. ८.२ च्या जवळ दिसले तर १० मेगोहमचा, मग बाहेरही १० मेगोहमच लावायचा.

दहामेग: नुसत्या रेझिस्टरांच्या सर्किटला हे मान्य. पण ट्रान्झिस्टरच्या बेसला मेगोहममधून बायस दिला असेल, तर १ मेगोहमचा मीटर लागताच ट्रान्झिस्टर बंद पडू शकतो. मग दोन्ही आकडे वेगळ्याच अवस्थेतले आणि भागाकार निरर्थक. म्हणून मी अजूनही आधी मीटर बदला असंच म्हणेन.

सोल्डरकाका: बेसची अडचण खरी. पण तिथे मी कलेक्टर मोजेन. तिथला लोड रेझिस्टर काही किलोओहमचा असेल तर १ मेगोहमने फरक पडत नाही, आणि ट्रान्झिस्टर चालू की बंद तेही कळतं.

दहामेग: बेसचा खरा आकडा मात्र त्यातून मिळत नाही.

नवशिका७: रेझिस्टरमधून बॅटरी मोजली, ४.५१ आले. म्हणजे माझा १ मेगोहमचाच. प्रोबला रेझिस्टर लावून मधला सांधा मोजला, १.७९.