मदत हवी आहे: जप्त शेअरपैकी ७०च पुन्हा दिले, तर कॅपिटल रिझर्व्हला किती न्यायचे?

उदगीर_बीकॉम:
नमस्कार. गणितात अडकले आहे. १० रुपयांचे १०० शेअर. भागधारकाने अर्ज आणि वाटपाचे मिळून शेअरमागे ६ रुपये भरले, २-२ रुपयांचे दोन्ही कॉल थकवले. कंपनीने शेअर जप्त केले. नोंद जमली: शेअर कॅपिटल नावे १०००, थकीत कॉल जमा ४००, शेअर जप्ती खाते जमा ६००. त्यातले ७० शेअर पूर्ण भरलेले म्हणून ८ रुपयांनी दुसऱ्याला दिले. माझा रिझर्व्ह ४६० येतो, पुस्तकात २८० आहे. परवा पेपर आहे, कृपया सांगा.

जालना_१९:
जप्त रकमेतून सूट वजा करायची, उरेल ते रिझर्व्हला. ६०० वजा १४०. तुझं बरोबर आहे, पुस्तकात छपाईची चूक असणार.

नांदेड_हिशोब:
पुस्तक बरोबर आहे. वजाबाकीची रीत जालनाकरांनी नीट सांगितली, पण ६०० हे शंभर शेअरचे आहेत आणि विकले गेले सत्तरच. आधी पुनर्विक्रीची नोंद बघ: बँक नावे ५६०, शेअर जप्ती नावे १४०, शेअर कॅपिटल जमा ७००. आता सत्तर शेअरवर जप्त झालेले ४२० घे, त्यातून १४० गेले की २८०. तेवढेच जप्ती खात्यातून कॅपिटल रिझर्व्हला.

उरलेले ३० शेअर अजून कंपनीकडेच आहेत. उद्या ते ५ रुपयांना द्यावे लागले तर शेअरमागे ५ रुपयांची सूट कुठून भरणार? त्यांच्या १८० रुपयांतूनच. म्हणून ते जप्ती खात्यातच राहतात आणि ताळेबंदात भरलेल्या भांडवलात मिळवून दाखवतात. पडताळा सोपा आहे: खात्यातली शिल्लक न विकलेल्या शेअरच्या ६ पटच आली पाहिजे. तुझ्या उत्तराने खात्यात काहीच उरत नाही, चूक तिथेच कळते.

परभणी_शेतकरी:
आमच्या काकांनी एका खाजगी कंपनीचे शेअर घेतले होते, कॉल राहिला. आता जप्तीचं पत्र आलंय. भरलेले पैसे परत मिळतील का?

नांदेड_हिशोब:
दादा, जप्ती रीतसर असेल तर परत मिळत नाहीत. उलट बहुतेक कंपन्यांच्या नियमावलीप्रमाणे जप्तीच्या दिवशी थकलेली रक्कम काकांकडून मागताही येते. पत्र नीट वाचा. कंपनी कायद्याच्या नमुना नियमावलीत, म्हणजे टेबल एफमध्ये, आधी नोटीस लागते. ती मिळाल्यापासून किमान १४ दिवस द्यावे लागतात आणि न भरल्यास शेअर जप्त होतील हे तीत लिहावं लागतं. पत्र त्या नोटिशीचं असेल तर मुदतीत व्याजासह भरून शेअर वाचतील. जप्तीचा ठरावच झाला असेल तर कंपनीची स्वतःची नियमावली मागवून सीएसला दाखवा.

जालना_१९:
बरोबर, ७० शेअरचं लक्षात आलं नाही. पण शेअर कॅपिटल नेहमी १० नेच नावे टाकायचं ना?

नांदेड_हिशोब:
नाही, जेवढे मागितले तेवढ्याने. शेवटचा कॉल मागायच्या आधीच जप्ती झाली असती तर ८०० नावे, थकीत फक्त २००. जप्ती खात्यात तरीही ६००च.

उदगीर_बीकॉम:
खूप आभार सर, २८० आले. अजून एक विचारते: वाटपासोबत २ रुपये प्रीमियम होता आणि भागधारकाने वाटपाचेच पैसे थकवले, तर प्रीमियम खातंही नावे टाकायचं का?