ईआरपी निवडताना: हो-नाहीचा लांबलचक तक्ता की मोजके प्रसंग?

खरेदी_विभाग:
आमची वाढती उत्पादन कंपनी आहे. ईआरपीसाठी सगळ्या विभागांकडून गरजा मागवल्या, 255 ओळींची एक्सेल झाली. प्रत्येक ओळीपुढे व्हेंडरने हो किंवा नाही लिहायचं होतं. तिघांना 96, 95 आणि 93 टक्के मिळाले. डायरेक्टर म्हणतात, तिघं सारखेच आहेत, मग सगळ्यात स्वस्त तो घ्या. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते मांडता येत नाहीये. गुण द्यायची पद्धत चुकली की ओळी चुकल्या?

हिशेबनीस:
मला तरी तुमची पद्धत ठीक वाटते. तिघांना एकच तक्ता, एकच प्रश्न, ओळीला एक गुण. यात कुणाच्या आवडीनिवडीला वावच नाही. उद्या ऑडिटरने विचारलं की हाच का निवडला, तर कागद दाखवता येतो. डेमो बघून गुण द्यायला लागलात की जो छान बोलतो तो जिंकतो. हे मी स्वतः पाहिलंय.

प्रकल्प_अनुभवी:
हिशेबनीस, कागद दाखवता आला पाहिजे हे शंभर टक्के मान्य. पण या कागदातून काही कळतं का? तीन उत्तरपत्रिकांना 93 ते 96 मिळाले, तर पेपर सोपा होता इतकंच सिद्ध होतं.

खरेदीताई, मला एक सांगा. 255 ओळींपैकी कुठल्या विभागाच्या किती आहेत?

खरेदी_विभाग:
आत्ता मोजल्या. अकाउंट्सच्या 180, प्रॉडक्शनच्या 45, स्टोअर्सच्या 30.

प्रकल्प_अनुभवी:
म्हणजे ओळीला एक गुण धरला तर सत्तर टक्के गुण एकट्या अकाउंट्सचे. असं कुणी ठरवलं होतं का? कुणीच नाही. अकाउंट्सच्या माणसाने मन लावून लिहिलं आणि स्टोअर्सच्या माणसाला वेळ मिळाला नाही, एवढ्यावर तुमचं वजन ठरून गेलं. आणि अकाउंट्सच्या 180 ओळींतल्या बहुतेक, म्हणजे व्हाउचर, लेजर, ताळेबंद, कुठल्याही ईआरपीत असतातच. तिथे तिघांनाही पूर्ण गुण मिळणार. जिथे खरा फरक आहे त्या 75 ओळी या गर्दीत बुडाल्या.

म्हणून वजन आधी विभागाला द्यायचं. प्रॉडक्शनला 40, स्टोअर्सला 30, अकाउंट्सला 30, जे काही तुमच्या धंद्याला लागू असेल ते. मग त्या विभागाच्या ओळी पाच असोत की पन्नास, वाटणी त्या 40 मध्येच होईल. आणि हे आकडे उत्तरं उघडण्याआधी लिहून, सह्या करून ठेवायचे. उत्तरं बघून वजन ठरवलं की हवा तो व्हेंडर वर आणता येतो.

उत्तरं_भरणारा:
मी पलीकडच्या बाजूला बसतो. ईआरपी विकणाऱ्या कंपनीत अशा एक्सेल भरायचं काम माझ्याकडे असतं. मोकळेपणाने सांगतो: तीनशे-चारशे ओळी येतात, हातात चार-पाच दिवस असतात, आणि "नाही" लिहिलं की पहिल्याच चाळणीत बाहेर पडायची भीती असते. तुमच्या तक्त्यात समजा एक ओळ आहे, "जॉबवर्कची नोंद ठेवता यावी". मी "हो"च लिहिणार. ते खोटंही नाही, नोंद ठेवता येते. तुमच्या मनात काय होतं ते त्या ओळीत लिहिलेलंच नाही.

आम्ही लबाडी करतो असं कृपया समजू नका. सैल प्रश्नाला सैल उत्तर जातं. आणि माझ्यासारखा कुणी प्रामाणिकपणे "यासाठी थोडं कोडिंग लागेल" असं लिहायला गेला, तर हो-नाहीच्या रकान्यात त्याला जागाच नसते.

स्टोअर्सवाला:
आमच्याकडे ईआरपी आलं तेव्हा जुना स्टॉकचा डेटा चढवण्यात चार महिने गेले. आयटम कोड दुहेरी, युनिट चुकीची, किलोच्या जागी नग. तुम्ही व्हेंडर कुठलाही घ्या, आधी आयटम मास्टर साफ करा. गुणांचा एवढा विचार करण्यात वेळ घालवू नका.

प्रकल्प_अनुभवी:
दादा, तुमचं दुखणं खरं आहे, पण ते निवड झाल्यानंतरचं. खरेदीताईंना उद्या डायरेक्टरपुढे उभं राहायचंय. एक गोष्ट मात्र तुमच्या अनुभवातून घेण्यासारखी आहे. डेटा चढवायचं काम कुणाचं, किती फेऱ्या, किती वर्षांचा इतिहास, हे प्रत्येक व्हेंडरच्या किमतीत वेगवेगळं धरलेलं असतं. ते समान केल्याशिवाय "सगळ्यात स्वस्त" या शब्दाला अर्थ नाही.

आता जॉबवर्कच्या ओळीकडे येतो. तीच गरज प्रसंग म्हणून अशी लिहा:

"आम्ही बाहेर 500 नग पाठवले. पहिल्या फेरीत 300 परत आले. तपासणीत 14 नापास झाले. त्यातले 9 आमच्या कच्च्या मालातल्या दोषामुळे, 5 जॉबवर्करच्या चुकीमुळे. सिस्टिमने दाखवावं: त्याच्याकडे आमचा शिल्लक माल 200, वापरण्याजोगा 286. मजुरी द्यायची 295 नगांची, कारण 9 नगांत त्याची चूक नव्हती. 5 नगांच्या मालाची वसुली त्याच्या बिलातून."

आता नुसतं "हो" लिहून चालत नाही, स्क्रीनवर 295 दिसायला हवेत. अनेक ठिकाणी होतं काय, तर सिस्टिम 286 ची किंवा 300 ची मजुरी काढते आणि मधला फरक कुणीतरी बाहेर एक्सेलमध्ये सांभाळतो. तो माणूस रजेवर गेला की बिलं अडकतात.

असे प्रसंग दहा-बारा पुरेत. आणि ते कन्सल्टंटकडून लिहून घेऊ नका. जो रोज ते काम करतो, त्याच्या शेजारी बसून मागच्या महिन्यात कुठे अडलं होतं ते विचारा.

हिशेबनीस:
प्रसंग समजला, चांगला आहे. पण गुण कसे द्यायचे? एक जण म्हणेल छान, 4. दुसरा म्हणेल ठीक, 2. पुन्हा आवडनिवड आलीच.

प्रकल्प_अनुभवी:
आकड्याचा अर्थ आधी लिहून ठेवला तर ती बरीच कमी होते. आम्ही असं ठेवलं होतं: आमचेच आकडे टाकून आहे तसं चाललं तर 4. फक्त सेटिंग बदलून चाललं तर 3. चाललं, पण एखादी पायरी बाहेर हाताने करावी लागली तर 2. नवीन कोड लिहावा लागणार असेल तर 1. जमतच नसेल तर 0. "छान", "ठीक" हे शब्द त्यात कुठेच नाहीत.

डेमो संपल्यावर आपसात न बोलता प्रत्येकाने आपला कागद भरायचा. कुणी 4 दिले आणि कुणी 1, तर सरासरी काढून मोकळं व्हायचं नाही. दोघांना विचारायचं, तुम्ही काय पाहिलं? आमच्याकडे एकदा असं निघालं की 4 देणाऱ्याने स्क्रीनवरचा आकडा पाहिला होता आणि 1 देणाऱ्याने तो आकडा हाताने टाईप होताना पाहिला होता.

उत्तरं_भरणारा:
यात एक अडचण आहे. कोड लिहावा लागतो म्हणून तुम्ही मला 1 देणार. त्या कोडची किंमतही मी कोटेशनमध्ये लावणार, म्हणजे किमतीतही माझे गुण जाणार. एकाच गोष्टीची शिक्षा दोनदा का?

प्रकल्प_अनुभवी:
हा मुद्दा वाजवी आहे आणि माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नाही. माझा कल असा, की कोड लिहिण्याचा खर्च किमतीत येतो, पण पुढच्या प्रत्येक अपग्रेडला तो कोड पुन्हा तपासायचा त्रास किमतीत येत नाही. त्यासाठी गुण थोडे कमी असावेत. 1 फार कमी वाटत असेल तर 2 ठेवा, पण तिघांनाही तेच.

आकडेमोड:
किमतीच्या गुणांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. बऱ्याच ठिकाणी सूत्र असतं: सगळ्यात कमी किंमत भागिले या व्हेंडरची किंमत, गुणिले किमतीचं वजन. दिसायला अगदी निर्मळ. पण एक उदाहरण करून बघा.

कामाला 60 गुण, किमतीला 40. पहिल्याला कामाचे 50, किंमत 100. दुसऱ्याला कामाचे 44, किंमत 80. दोघंच असतील तर पहिल्याला किमतीचे 32, एकूण 82. दुसऱ्याला 40, एकूण 84. दुसरा जिंकला.

आता तिसरा आला, कामाचे 25 आणि किंमत 50. तो काही निवडून येणार नाही. पण आता पहिल्याला किमतीचे 20, एकूण 70. दुसऱ्याला 25, एकूण 69. तिसरा 65 वर. आता पहिला जिंकला! पहिल्या दोघांनी आपल्या उत्तरात एक अक्षर बदललेलं नाही.

हिशेबनीस:
हे मी कागदावर करून पाहिलं, बरोबर आहे. इतकी वर्षं हेच सूत्र वापरतोय. मग तोडगा काय?

आकडेमोड:
एक म्हणजे कामात किमान गुणांची अट. 60 पैकी 36 च्या खाली असेल त्याची किंमत उघडायचीच नाही. दुसरं, गुण सगळ्यात कमी किमतीशी न जोडता तुम्ही आधीच ठरवलेल्या बजेटशी जोडायचे. म्हणजे कोण आलं, कोण गेलं याने दुसऱ्यांचे गुण हलत नाहीत.

आणि तुम्ही वाढती कंपनी आहात, तर किंमत पाच वर्षांची मागा: आजच्या युजरसंख्येला, दुपटीला आणि तिपटीला. पहिल्या वर्षी स्वस्त असलेला दुपटीला महाग निघू शकतो.

प्रकल्प_अनुभवी:
किमान गुणांची अट मान्य. बजेटशी जोडायला माझा विरोध आहे. बजेटचा आकडा बाहेर फुटला की तिन्ही कोटेशनं त्याच्या आसपास येऊन बसतात.

आकडेमोड:
फुटला तर. आणि सगळ्यात कमी किमतीचं सूत्र तर न फुटताही चुकतं.

खरेदी_विभाग:
सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारी स्टोअर्समध्ये जाऊन बसले. जॉबवर्कचा प्रसंग आमचाही जवळजवळ तोच निघाला, फक्त आमच्याकडे परत आलेला माल दोन बॅचमध्ये मिसळलेला असतो. एकूण नऊ प्रसंग लिहून झालेत. विभागांची वजनं उद्या डायरेक्टरांच्या सहीने पक्की करून घेते.

किमती मात्र आधीच उघडल्या आहेत, त्या मला, डायरेक्टरांना आणि फायनान्सला माहीत आहेत. म्हणून डेमोचे गुण आम्ही तिघं देणार नाही, विभागातली पाच माणसं देतील. त्यांना किमती ठाऊक नाहीत.

एकच ठरत नाहीये. प्रसंग व्हेंडरना आधी पाठवायचे की डेमोच्या दिवशीच द्यायचे?

उत्तरं_भरणारा:
आधी पाठवा, निदान आठवडाभर. ऐनवेळी दिलात तर सिस्टिमची परीक्षा होत नाही, डेमो देणाऱ्या माणसाची होते.

प्रकल्प_अनुभवी:
प्रसंग आधी पाठवा, पण आकडे त्या दिवशी बदला. 14 चे 17 करा, 9 चे 11. ज्याने स्क्रीन रंगवून आणली असेल तो तिथे अडेल. बदल मात्र तिघांना अगदी एकच.

हिशेबनीस:
आकडे बदलणार हे त्यांना आधी कळवणार का? न कळवता केलं तर मला ते बरोबर वाटत नाही.