‘लीगल फॉर्मॅलिझम’ला ‘औपचारिकतावाद’ म्हणायचं का?

मुक्ता
नमस्कार मंडळी. कायद्याच्या तत्त्वज्ञानावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि दोन शब्दांवर गाडी अडली आहे. ‘लीगल फॉर्मॅलिझम’साठी मी ‘औपचारिकतावाद’ लिहिलं आणि ‘लीगल रिअ‍ॅलिझम’साठी ‘वास्तववाद’. संपादकांनी दोन्हींखाली लाल रेघ मारली. पहिल्याच्या समासात शेरा, “औपचारिकता म्हणजे हारतुरे आणि आभारप्रदर्शन”. दुसऱ्याच्या समासात, “हा कादंबरीवाल्यांचा शब्द आहे”. न्यायाधीश निकालापर्यंत कसे पोचतात यावरचे हे दोन पक्ष आहेत, एवढं मला कळतं. चपखल शब्द सुचवाल का?

रंगनाथ को.
सोपं आहे. पहिला पक्ष म्हणतो, कायद्याचं पुस्तक उघडा, त्यात नियम सापडतो, तो लावला की निकाल पडतो. दुसरा म्हणतो, न्यायाधीशांनी सकाळी काय खाल्लं त्यावर निकाल ठरतो. म्हणून मी ‘पोथीवाद’ आणि ‘न्याहारीवाद’ सुचवतो. 😄

सुलभा देव
रंगनाथराव, पोथीवाद मला आवडला, पण त्यात टिंगल आहे. भाषांतरात ज्याचा पक्ष मांडायचा त्याची टिंगल नको. न्याहारीवाद मात्र चुकीचाच. ते वाक्य रिअ‍ॅलिस्टांच्या तोंडी घातलं जातं, पण त्यांचं म्हणणं तेवढं उथळ नव्हतं.

मुक्ता, शब्दाच्या आधी एक खटला बघ. मी वर्गात याच खटल्यापासून सुरुवात करायचे.

न्यूयॉर्क राज्यातले फ्रान्सिस पामर यांनी 1880 मध्ये मृत्युपत्र केलं. दोन मुलींना किरकोळ रक्कम आणि बाकी जवळजवळ सगळं नातू एल्मर याला. पुढे आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि मृत्युपत्र बदलायचं बोलू लागले. 1882 मध्ये एल्मरने त्यांना विष घातलं. त्याचं वय तेव्हा सोळा. खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली. तरीही मृत्युपत्राप्रमाणे इस्टेट त्याचीच. मुली कोर्टात गेल्या. 1889 मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल दिला. तो ‘रिग्ज विरुद्ध पामर’ म्हणून ओळखला जातो.

आता अल्पमतातल्या न्यायमूर्ती ग्रे यांचा युक्तिवाद मांडते. मृत्युपत्र कसं करायचं आणि कोणकोणत्या रीतींनी रद्द होतं, हे कायद्यात लिहिलंय. हे मृत्युपत्र रीतसर केलं होतं. कायद्यात सांगितलेल्या कुठल्याही रीतीने ते रद्द झालं नव्हतं. म्हणून ते लागू. खुनाची शिक्षा फौजदारी कायद्याने दिलेलीच आहे, इस्टेट काढून घेणं म्हणजे विधिमंडळाने न सांगितलेली आणखी एक शिक्षा. बघ, यात भावनाशून्यता नाही. न्यायाधीशाने आपल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकू नये एवढाच आग्रह आहे. हा आग्रह म्हणजे फॉर्मॅलिझम. हारतुऱ्यांशी त्याचा संबंध नाही. विधानांच्या आकारावरून निष्कर्ष निघतो, त्या अर्थाने तो ‘फॉर्मल’.

अद्वैत
म्हणजे ‘आकारिक तर्कशास्त्र’ मधला आकारिक! आम्हाला तत्त्वज्ञानाला होतं ते. मग ‘आकारिकवाद’?

सुलभा देव
हो, तिकडेच जात होते. शब्द कोरडा आहे, पण अर्थ नेमका लागतो.

हेमंत वसईकर
माफ करा, विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. आमच्या आत्याचं अपील जिल्हा न्यायालयात अकरा दिवस उशिरा दाखल झालं. आजारपणाचं प्रमाणपत्र लावलं होतं. उशीर माफ झाला नाही. त्याच सुमारास एका सरकारी खात्याचा कित्येक महिन्यांचा उशीर मात्र माफ झाला. हेच ना औपचारिकतावाद? म्हणजे कागद नीट नसले की गेलं?

प्रभाकर (निवृत्त शिरस्तेदार)
वसईकर, तुमच्या आत्यांचं वाईट वाटलं. पण तुम्ही म्हणता ती कागदपत्रांची औपचारिकता, आणि इथे चर्चा निराळी आहे. उलट तुमचं उदाहरण दुसऱ्या पक्षाच्या कामाचं आहे. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस, हा पक्का नियम. तो कोणीही लावेल. पण मुदत कायद्याच्या कलम 5 मध्ये उशीर माफ करायला ‘पुरेसं कारण’ लागतं. पुरेसं म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. तिथे एकाच शब्दाखाली दोन कोर्टांत दोन निकाल होतात आणि दोन्ही निकालपत्रं वाचायला तर्कशुद्ध असतात. अशी पत्रं मी बरीच पाहिली आहेत.

आणि एक गंमत. खालच्या कोर्टांच्या निकालपत्रात आधी एक तक्ता असतो. डावीकडे मुद्दे, उजवीकडे निष्कर्ष. त्याच्याखाली कारणं. निष्कर्ष वर आणि कारणं खाली! नवे कारकून हसायचे, “साहेबांनी आधी ठरवलं, मग कारणं शोधली.”

रंगनाथ को.
हेच तर मी म्हणतोय!

प्रभाकर (निवृत्त शिरस्तेदार)
थांबा की राव. तो लिहिण्याचा साचा आहे. कोणत्या क्रमाने विचार झाला हे त्या कागदावरून कळत नाही. कारणं लिहिता लिहिता ‘होय’चं ‘नाही’ झालेलं आणि तक्ता पुन्हा टाइप केलेलाही मी पाहिला आहे.

सुलभा देव
प्रभाकरजी, हा तक्ता मला वर्गात मिळाला असता तर! जोसेफ हचेसन नावाचे टेक्सासचे एक संघीय न्यायाधीश होते. 1929 मध्ये त्यांनी स्वतःच लिहून टाकलं की सगळा पुरावा आणि युक्तिवाद डोक्यात घोळवत बसलो की एका क्षणी अंतःप्रेरणेने निकाल सुचतो. निकालपत्रातला तर्क त्यानंतर येतो. पण त्या तर्कात निकाल बसेना, तर तो टिकत नाही. ‘होय’चं ‘नाही’ होतं ते इथेच. म्हणजे न्याहारीपुरतं ते नाही, रंगनाथराव.

पामरच्या खटल्याकडे परत येते. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अर्ल यांनी लिहिला. त्यांनीही तर्कच केला, पण सुरुवातीचं विधान वेगळं घेतलं. कोणालाही स्वतःच्या गुन्ह्यातून फायदा उठवता येणार नाही, हे जुनं तत्त्व त्यांनी धरलं. मृत्युपत्राचा कायदा करणाऱ्यांच्या मनात असा वारस असता तर त्यांनी त्याला वगळलंच असतं, असं ते म्हणाले. एल्मरला काही मिळालं नाही.

आता रिअ‍ॅलिस्ट विचारतो तो प्रश्न बघ. दोघांचा तर्क आकाराने निर्दोष आहे. मग कोणतं विधान वर ठेवायचं, हे कोणी ठरवलं? ते तर्कातून आलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती होम्स यांनी 1905 मध्ये, बेकरी कामगारांच्या तासांच्या खटल्यात, अल्पमतात लिहिलं होतं की सर्वसाधारण विधानं विशिष्ट खटल्यांचा निकाल लावत नाहीत. दोन विधानांतलं एक निवडताना खुनी नातवाला इस्टेट मिळण्याची किळस वजन टाकते. ते वजन निकालपत्रात दिसत नाही. तेच शोधायचं, एवढाच रिअ‍ॅलिस्टाचा उद्योग.

अद्वैत
पण सुलभाताई, किळस सगळ्यांनाच येणार. मग सगळे न्यायाधीश तसंच ठरवतील आणि ‘कोण न्यायाधीश’ याला अर्थच उरणार नाही.

सुलभा देव
इथे गंमत आहे. पामरच्या निकालाच्या आदल्याच वर्षी, 1888 मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाच्या कोर्टासमोर ‘ओवेन्स विरुद्ध ओवेन्स’ आलं. नवऱ्याच्या खुनात सामील असल्याबद्दल दोषी ठरलेली बायको त्याच्या मालमत्तेतला विधवेचा हिस्सा मागत होती. तिला तो मिळाला, कारण कायद्यात हा हक्क हिरावण्यासाठी तसं कारण नव्हतं. अर्ल यांनी आपल्या निकालपत्रात या निकालाचा उल्लेख केला आणि तो आपल्याला मान्य नाही असं सांगून पुढे गेले. किळस दोन्ही कोर्टांसमोर होती, निकाल उलटे लागले. म्हणजे किळसही एकटी पुरत नाही. न्यायाधीश आपल्या कामाची हद्द कुठे मानतो, यावर बरंच अवलंबून असतं. आणि ते मानणं म्हणजे पुन्हा फॉर्मॅलिझमचाच प्रश्न.

रंगनाथ को.
ते इस्रायलचं काय? जेवणाच्या सुट्टीआधी पॅरोल मिळत नाही, ते? ते तर आकड्यांनी सिद्ध झालंय.

सुलभा देव
2011 चा अभ्यास. सत्राच्या सुरुवातीला सुमारे 65 टक्के अर्ज मान्य होत, सुट्टीच्या तोंडावर जवळजवळ शून्य. पण त्याच वर्षी त्यावर आक्षेप आला की अर्जांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरत नव्हता. ज्यांना वकील नव्हते ते कैदी बहुतेकदा शेवटी यायचे. तेव्हा घसरण भुकेची की वकील नसण्याची, हे त्या आकड्यांवरून ठामपणे सांगता येत नाही. दुसरं कारण खरं असेल तर तेही रिअ‍ॅलिस्टाच्याच कामाचं.

नचिकेत (वकील)
प्रॅक्टिसमधलं सांगू? पक्षकार येतो तेव्हा मी रिअ‍ॅलिस्ट असतो. हे खंडपीठ अशा वस्तुस्थितीत काय करतं, ते आठवतो. युक्तिवादाला उभा राहिलो की आकारिकवादी. ‘माय लॉर्ड, आपल्याला किळस येईल’ असं म्हणता येत नाही. आणि खुनी वारसाबद्दल आपल्याकडे वाद उरलेला नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 चं कलम 25, खून करणारा अपात्र. त्याआधी मुंबई इलाख्यातून प्रिव्ही कौन्सिलकडे गेलेल्या ‘केंचवा विरुद्ध गिरिमल्लप्पा’मध्ये 1924 साली न्याय, समता आणि सद्‌सद्विवेक यांच्या आधारावर तसंच ठरलं होतं. आधी तत्त्व, मग कलम. आज तो निकाल ‘पोथीतून’ निघतो, रंगनाथराव.

सुलभा देव
अगदी. सोप्या खटल्यात दोन्ही पक्ष एकच निकाल सांगतात. 30 दिवसांची मुदत कोणी रिअ‍ॅलिस्टही नाकारत नाही. भांडण ‘पुरेसं कारण’ या जागेचं आहे. आता अशा जागा कायद्यात तुरळक की पावलोपावली, यावर माझंही मत वर्षागणिक बदलत आलंय.

हेमंत वसईकर
म्हणजे आत्याच्या बाबतीत नियम नव्हताच, न्यायाधीशांचं मत होतं?

प्रभाकर (निवृत्त शिरस्तेदार)
नियम होता, पण तो कुठे संपतो ते ठरवायचं होतं. प्रमाणपत्र नेमक्या त्या अकरा दिवसांचं होतं का? रोजच्या रोज उशिराचा हिशेब मागणारे न्यायाधीश असतात. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये या बाबतीत उदार राहायला सांगितलंय, पण उदार म्हणजे किती, ते पुन्हा खुलंच. निकालपत्राची प्रत वकिलांना दाखवा, विशेषतः कारणांचा भाग.

मुक्ता
सगळ्यांचे आभार. ‘आकारिकवाद’ ठेवते, पहिल्या उल्लेखाला ‘नियमांच्या आकारातून निकाल काढणारा’ असं वाक्यातच घालेन. दुसऱ्यासाठी अजून अडलेय. ‘विधिवास्तववाद’?

अद्वैत
‘विधि’ ऐकून लग्नच आठवतं.

सुलभा देव
‘न्यायव्यवहारवाद’ करून बघ. ते लोक पुस्तकातल्या नियमापेक्षा कोर्टात प्रत्यक्ष काय चालतं ते बघत होते. पण मग ‘प्रॅग्मॅटिझम’वाले ‘व्यवहारवाद’ आमचा म्हणून भांडायला येतील.

रंगनाथ को.
न्याहारीवाद अजून उपलब्ध आहे.